फेलोपद आणि प्रमाणपत्र : मूल्यनिर्धारकाच्या उदाहरणावरून काही विचार

व्यावसायिकाच्या नावापुढे जी आद्याक्षरे लिहिलेली असतात, त्यांपैकी काही संस्थेतील त्याची श्रेणी दर्शवितात, तर काही त्याने एखादी परीक्षा दिल्याचे सांगतात. वाचकाला मात्र ती सारी एकसारखीच वाटतात. हा भेद कोठे निर्णायक ठरतो, हे स्थावर मालमत्तेच्या मूल्यनिर्धारणाच्या व्यवसायात चांगले दिसून येते.

पुणे-नगर रस्त्यावरील वाघोली हे गाव 2021 मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. तेथील एका स्थापत्य अभियंत्याची कल्पना करू. पदवीनंतर त्याने बारा वर्षे जमिनी व इमारती यांचे मूल्य ठरविण्याचे काम केले आहे आणि मूल्यनिर्धारकांच्या एका संस्थेचा तो फेलो आहे. एका खाजगी कंपनीचा प्रवर्तक जुन्या दगडखाणीची जमीन कंपनीस देऊन तिच्या बदल्यात कंपनीचे भाग घेऊ इच्छितो. या जमिनीचे मूल्य आपल्या अभियंत्याने ठरवावे काय?

त्याच्या फेलोपदाने या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. कंपनी अधिनियम, 2013 च्या कलम 247 प्रमाणे असे मूल्य नोंदणीकृत मूल्यनिर्धारकानेच ठरविले पाहिजे. 2017 च्या नियमांनुसार त्यासाठी प्रथम मान्यताप्राप्त मूल्यनिर्धारक संघटनेचे सभासद व्हावे लागते आणि तिचा शिक्षणक्रम पुरा करावा लागतो. मग भारतीय दिवाळखोरी मंडळाची परीक्षा उत्तीर्ण होऊन त्याच मंडळाकडून नोंदणीचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. स्थापत्य पदवीधरास पाच वर्षांचा अनुभव पुरतो, आणि तो आपल्या अभियंत्यापाशी दुपटीहून अधिक आहे. परंतु परीक्षेतून त्यास सूट नाही. जुन्या व्यावसायिकांना प्रमाणपत्राविना काम चालू ठेवण्याची जी सवलत होती, ती 31 जानेवारी 2019 रोजी संपली. त्यानंतर नुसत्या फेलोपदाच्या शिक्क्याने दिलेला अहवाल, तो कितीही काळजीपूर्वक केलेला असला तरी, या कामापुरता निरुपयोगी ठरतो.

येथे लक्षात घ्यावयाची गोष्ट अशी की, सभासदत्व ही परीक्षेपूर्वीची पायरी आहे, परीक्षेचा पर्याय नव्हे. सनदी लेखापालांच्या 1949 च्या अधिनियमातही हाच विवेक दिसतो. कलम 5 असोसिएट आणि फेलो या दोन श्रेणी सांगते. व्यवसाय करण्याचे प्रमाणपत्र मात्र कलम 6 मध्ये स्वतंत्रपणे येते. पाच वर्षे अखंड व्यवसाय केलेला असोसिएट शुल्क भरून फेलो होऊ शकतो. म्हणून एफ.सी.ए. ही अक्षरे प्रामुख्याने ज्येष्ठता सांगतात. त्यांत कमीपणा नाही, पण गुणवत्तेची नवी परीक्षाही नाही.

फेलो या एकाच शब्दाने निरनिराळ्या गोष्टी दर्शविल्या जात असल्यामुळे घोटाळा वाढतो. विमागणितज्ञांच्या संस्थेत फेलोपद परीक्षांच्या शेवटी मिळते. तेथे फेलोपद हीच व्यवसायाची पूर्ण पात्रता असते. रॉयल सोसायटीत तज्ज्ञ सभासदच नाव सुचवितात व निवड करतात. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे संचालक राहिलेले डॉ. रघुनाथ माशेलकर 1998 मध्ये तेथे निवडले गेले. अशी निवड सेवेची वर्षे मोजून होत नाही. समव्यावसायिकांनी केलेल्या कार्याची ती पारख असते.

तेव्हा एखाद्या फेलोपदाचे वजन जोखताना तीन प्रश्न विचारावेत. ते कोणी दिले : कार्यालयाने की तज्ज्ञांनी? कशाच्या आधारे दिले : सेवावर्षे व शुल्क, की परीक्षा, की प्रत्यक्ष कामाचे परीक्षण? आणि ते नाकारले जाऊ शकत होते काय? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी असेल, तर त्या पदातून सभासद किती वर्षांचा आहे एवढेच कळते, आणि ते जन्मतारखेवरूनही बहुधा कळले असते.

आपल्या अभियंत्याकडे पुन्हा वळू. त्याने परीक्षा देऊन नोंदणी मिळविली. कालांतराने त्याच खाणीच्या जमिनीवरून वाद न्यायालयात गेला आणि तो तज्ज्ञ साक्षीदार म्हणून उभा राहिला, असे समजू. भारतीय साक्ष अधिनियम, 2023 चे कलम 39 विशेष कौशल्य पाहते. कोणतीही श्रेणी आवश्यक मानीत नाही. उलटतपासणीत त्यास विचारले जाईल : भरावाची खोली कशी मोजली? तुलनेस कोणते विक्रीव्यवहार घेतले, आणि खाण नसलेल्या जमिनींचे दर किती उतरविले? त्याचे फेलोपद जर त्याचे पूर्वीचे अहवाल तपासून दिलेले असेल, तर या उत्तरांना त्याचा आधार मिळेल. ते केवळ कालक्रमाने मिळालेले असेल, तर प्रतिपक्षाचा वकील एका प्रश्नात ते बाजूस सारील.

यावरून परिचयपत्र लिहिण्याचा क्रमही ठरतो. काम करण्याचा अधिकार देणारी नोंदणी प्रथम, तिच्या क्रमांकासह व मालमत्तेच्या वर्गासह लिहावी. त्यानंतर फेलोपद, आणि ते कोणत्या कसोटीवर मिळाले ते एका वाक्यात. ते वाक्य लिहिता येत नसेल, तर ती अक्षरे नावापुढे राहिली तरी चालतील. परंतु त्यांच्यावर निवडीचा भार टाकू नये.