ख्यातीची किंमत आणि एका टक्क्याचा फरक

टाटा स्टीलने 2007 मध्ये युरोपातील कोरस कंपनी सुमारे 12 अब्ज डॉलरना घेतली. मालमत्तेच्या मूल्याहून जास्त मोजलेली रक्कम ताळेबंदात ‘गुडविल’ म्हणजे ख्याती म्हणून बसते. पुढे युरोपात पोलादाची मागणी आटली आणि 2013 मध्ये कंपनीने प्रामुख्याने गुडविलपोटी सुमारे 1.6 अब्ज डॉलरची घट दाखवली.

इंड एएस 36 नुसार ही तपासणी दरवर्षी करावी लागते.

समजा, एका व्यवसायाचे पुस्तकी मूल्य 1500 कोटी रुपये आहे. पुढच्या वर्षी 100 कोटींची रोकड येईल आणि ती कायम 4 टक्क्यांनी वाढेल, असे व्यवस्थापन म्हणते. 10 टक्के वटाव दराने मूल्य 1667 कोटी येते. म्हणजे घट नाही.

लेखापरीक्षक मागील अंदाजपत्रके प्रत्यक्ष आकड्यांशी ताडून पाहतो, वाढीचा दर त्या उद्योगाच्या दीर्घकालीन वाढीशी जुळवतो आणि सरकारी रोख्यांचा परतावा व जोखीम धरून वटाव दर स्वतः काढतो. समजा, वाढ 3 आणि वटाव 11 टक्के निघाला. मूल्य 1250 कोटींवर येते आणि 250 कोटींचा तोटा नोंदवावा लागतो.

धंदा नंतर सावरला तरी गुडविलची ही घट परत फिरवता येत नाही.