६५ दिवसांचं काम ५३ दिवसांत

प्रकल्प व्यवस्थापन शिकायला सुरुवात केली की एका ठरावीक धाटणीचा प्रश्न लवकरच समोर येतो. एखाद्या प्रकल्पातली कामं आणि त्यांना लागणारे दिवस दिलेले असतात. कामाची विभागणी करा, माइलस्टोन दाखवा, बार चार्ट काढा आणि प्रकल्प किती दिवसांत संपेल ते सांगा. बरेच जण थेट आलेखाच्या कागदावर पट्ट्या ओढू लागतात आणि तिथेच फसतात, कारण पट्ट्या काढणं ही या उत्तराची शेवटची पायरी आहे.

घराला लागून विटांच्या भिंतींचा आणि काँक्रीटच्या स्लॅबचा, पाच मीटर रुंद हॉल बांधायचा आहे, असं समजू. पहिली पायरी वर्क ब्रेकडाउन स्ट्रक्चरची, म्हणजे कामाच्या विभागणीची. सगळ्यात वर ‘हॉल’ लिहायचं. त्याखाली त्याचे भाग येतात: पाया, भिंती, छत, दारं-खिडक्या, अंतर्गत काम. मग प्रत्येक भागाची आणखी फोड करायची. छताखाली सेंटरिंग व सळई, स्लॅब भरणं, आणि पाणी मारून टेकू ठेवणं असे तीन तुकडे पडतात. इथे कशाच्या आधी काय करायचं हा विचार करायचा नाही. एकच कसोटी लावायची: खालच्या तुकड्यांची बेरीज वरच्या भागाएवढी भरली पाहिजे, कमी नको आणि जास्तही नको. सर्वांत जास्त विसरली जाते ती टेकू ठेवण्याची मुदत, कारण त्या दिवसांत फारसं कुणी राबताना दिसत नाही. पण साडेचार मीटरपेक्षा मोठ्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू साध्या सिमेंटसाठी किमान १४ दिवस ठेवावेत, असं भारतीय मानक आयएस ४५६ सांगतं. मजूर नसले तरी ते दिवस जातातच, म्हणून त्यांनाही पट्टी हवी.

दुसरी पायरी क्रमाची. खोदकाम ३ दिवस, मग जोत्यापर्यंतचा पाया ७, विटकाम ८, सेंटरिंग व सळई ५, स्लॅब १, टेकू १४, प्लास्टर ६, फरशी ४ आणि शेवटी पाखं बसवून रंगकाम ५. ही कामं एकामागून एकच होतील. मात्र दारा-खिडक्यांची पाखं सुताराच्या कारखान्यात बनतात. त्यांना १२ दिवस लागतात आणि विटकाम संपून मापं मिळाली की ती सुरू करता येतात.

सगळे आकडे मिळवले तर ६५ येतात आणि अनेक उत्तरपत्रिकांत तेच लिहिलेलं असतं. बार चार्टवर आडवे दिवस आणि उभी कामं मांडली की चूक डोळ्यांना दिसते. विटकाम १८व्या दिवशी संपतं. १९व्या दिवशी सेंटरिंग आणि सुतारकाम अशा दोन पट्ट्या एकदमच सुरू होतात. सुताराचे १२ दिवस टेकूंच्या मुदतीतच ३०व्या दिवशी संपतात. टेकू ३८व्या दिवसापर्यंत, प्लास्टर ४४, फरशी ४८ आणि रंगकाम ५३. उत्तर ५३ दिवस.

पाखं ४८व्या दिवसापर्यंत तयार झाली तरी चालतं, म्हणजे सुताराला १८ दिवसांची सवड आहे. त्याने १० दिवस उशीर केला तर प्रकल्प जागचा हलत नाही. २० दिवस केला तर दोन दिवस लांबतो. सेंटरिंगवाल्याला मात्र अजिबात सवड नाही. तो चार दिवस उशिरा आला की हॉल ५७व्या दिवशी मिळणार.

आता माइलस्टोन. जोतं पूर्ण (१०वा दिवस), स्लॅब भरून झाला (२४), टेकू निघाले (३८), हॉल ताब्यात (५३). माइलस्टोनला कालावधी शून्य असतो, म्हणून तो पट्टीने न दाखवता चौकटच्या खुणेने दाखवतात. ‘स्लॅब भरणं’ हे एका दिवसाचं काम आहे, ‘स्लॅब भरून झाला’ हा माइलस्टोन. शब्दरचना ‘झालं’ या अर्थाची नसेल, तर ते बहुधा काम असतं. ‘भिंती ८० टक्के झाल्या’ हाही चांगला माइलस्टोन नव्हे, कारण ८० की ७० यावर वाद घालता येतो. जोतं झालं की नाही, हे मात्र कुणीही जाऊन पाहू शकतं.

पोलंडचे कारोल अदामिएत्स्की आणि अमेरिकेचे हेन्री गँट या अभियंत्यांनी शंभरहून अधिक वर्षांपूर्वी असे तक्ते वापरात आणले. साध्या बार चार्टची मर्यादाही तितकीच जुनी आहे: एका कामासाठी दुसरं का थांबलं आहे, हे पट्टी सांगत नाही. ३० आणि ४९ या दिवसांमधली सुताराची मोकळी जागा दिसते, पण रंगकामाशी असलेलं तिचं नातं दिसत नाही. म्हणून परीक्षेत असो वा कंत्राटदाराशी बोलताना, तक्त्याशेजारी एक रकाना ठेवा: ‘हे काम कशानंतर?’ तो भरता येत नसेल, तर पट्ट्या काढायची वेळ अजून आलेली नाही.