अर्ज पोचला की परत आला?

अर्ज पाठवून मिनिटही होत नाही तोच Mailer-Daemon नावाने इंग्रजी मेल येतो, आणि उमेदवार घाबरून तोच अर्ज पुन्हा धाडतो. त्याआधी त्या मेलमधला तीन आकड्यांचा संकेत वाचावा. तो 4 ने सुरू होत असेल तर अडचण तात्पुरती असते. सर्व्हर स्वतःच पुन्हा प्रयत्न करत राहतो. घाई केली तर दोन्ही प्रती पोचतात. 5 ने सुरू होत असेल तर अर्ज पोचलेला नाही.

समजा, ग्रंथपालपदाच्या अर्जावर 5.1.1 आलं. म्हणजे त्या पत्त्याची पेटीच नाही. बहुधा टाइप करताना एखादं अक्षर गळालेलं असतं. जाहिरातीशी पत्ता ताडून नवा मेल लिहावा. आलेला मेल फॉरवर्ड करू नये, नाहीतर कार्यालयाला आधी सगळा तांत्रिक पसारा दिसतो. विषय तोच, मजकूर तोच, माफीनामा नको. मुदत उलटली असेल तरच एक ओळ घालावी: ‘१२ तारखेला पाठवलेला अर्ज परत आला, त्याची सूचना सोबत जोडली आहे.’ त्या सूचनेवर तारीख-वेळ असते, तोच पुरावा.

नुसतीच शांतता असेल तर गोष्ट वेगळी. पोच न देणारी कार्यालयं पुष्कळ आहेत. मुदतीनंतर आठवडाभर थांबावं आणि ‘पाठवलेले’मधल्या मूळ मेललाच उत्तर द्यावं, खाली जुनी तारीख आपोआप दिसते. ‘अर्ज मिळाल्याचं कृपया कळवावं’ एवढं पुरे. मात्र उत्तर देताना जोडलेल्या फायली सहसा गळतात, त्या पुन्हा जोडाव्या लागतात.