रीच घटला, पण विक्री टिकली: मासिक अहवालाविषयीचे गैरसमज आणि वस्तुस्थिती

डिजिटल जाहिरातींचे काम पाहणारी एजन्सी दर महिन्याच्या सुरुवातीला क्लायंटला मागील महिन्याचा अहवाल ईमेलने पाठवते. त्यातील सर्वांत मोठा आकडा बहुधा रीचचा असतो आणि तो घटलेला दिसला की क्लायंटचा फोन येतो. विक्री जागच्या जागी असतानाही रीच खाली येऊ शकतो. त्याची कारणे हिशेबाने दाखवता येतात. मात्र या घटीचा अर्थ लावताना दोन्ही बाजूंनी काही ठरावीक गैरसमज होतात.

ते समजून घेण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. कोल्हापुरी चपला ऑनलाइन विकणारा एक व्यावसायिक फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर महिन्याला 60,000 रुपयांच्या जाहिराती करतो. ऑगस्टमध्ये त्याचा रीच 4,00,000 होता, तो सप्टेंबरमध्ये 2,50,000 झाला. ऑर्डर मात्र ऑगस्टमध्ये 200 आणि सप्टेंबरमध्ये 198 आल्या.

गैरसमज 1: रीच म्हणजे जाहिरात किती वेळा दिसली याचा आकडा.

वस्तुस्थिती: जाहिरात किती वेळा दिसली हे इम्प्रेशन सांगते, तर ती किती वेगवेगळ्या खात्यांपर्यंत पोहोचली हे रीच सांगतो. एकाच खात्याला जाहिरात तीनदा दिसली, तर इम्प्रेशन तीन आणि रीच एक. इम्प्रेशनला रीचने भागले की जाहिरात सरासरी किती वेळा दिसली ते कळते. त्याला फ्रिक्वेन्सी म्हणतात.

यामुळे रीचची बेरीज करता येत नाही. चार आठवड्यांचे रीच एकत्र केले तर महिन्याचा रीच मिळत नाही, कारण पहिल्या आठवड्यात जाहिरात पाहिलेली बरीच खाती पुढच्या आठवड्यातही मोजली जातात. दोन मोहिमांच्या रीचलाही हाच नियम लागू होतो. शिवाय मेटा स्वतः रीच हा अंदाजित आकडा म्हणूनच देते. त्यामुळे दोन-तीन टक्क्यांच्या चढउताराचा अर्थ लावत बसू नये. चार लाखांवरून अडीच लाखांवर आलेली घट मात्र खरी आहे आणि तिचे कारण द्यावेच लागते.

गैरसमज 2: बजेट तेवढेच असताना रीच घटला, म्हणजे एजन्सीने कामात कुचराई केली.

वस्तुस्थिती: जाहिरातीच्या जागेला ठरलेला दर नसतो, प्रत्येक वेळी लिलाव होतो. मेटाच्या लिलावात बोलीची रक्कम, समोरचा माणूस अपेक्षित कृती करण्याची शक्यता आणि जाहिरातीचा दर्जा हे तिन्ही मिळून विजेता ठरतो. सप्टेंबरअखेर किंवा ऑक्टोबरच्या सुरुवातीला मोठ्या ऑनलाइन बाजारांचे सणासुदीचे सेल सुरू होतात. मोठे जाहिरातदार त्याच लोकांसाठी बोली लावू लागले की दर हजार इम्प्रेशनचा भाव, म्हणजे सीपीएम, चढतो. तेवढ्याच पैशांत मग कमी जागा मिळते.

दुसरे कारण पैशांच्या वाटपात असते. मोहीम सुरू करताना तिचे उद्दिष्ट निवडावे लागते. ओळख वाढवणे हे उद्दिष्ट निवडले, तर यंत्रणा स्वस्तात जास्तीत जास्त लोकांपर्यंत जाते. विक्री हे उद्दिष्ट निवडले, तर खरेदीची शक्यता असलेले लोक ती निवडते. असे लोक थोडे असतात आणि त्यांच्यासाठी बोलीही जास्त लागते.

आता उदाहरणातील हिशेब पाहू. ऑगस्टमध्ये ओळखीच्या मोहिमेवर 20,000 रुपये खर्च झाले आणि सीपीएम 40 रुपये होता, म्हणून 5,00,000 इम्प्रेशन मिळाली. विक्रीच्या मोहिमेवर 40,000 रुपये खर्च झाले, सीपीएम 160 रुपये होता, इम्प्रेशन 2,50,000. एकूण 7,50,000.

सप्टेंबरमध्ये दोन्ही भाव पाव पटीने वाढून 50 आणि 200 रुपये झाले. विक्रीला झळ बसू नये म्हणून एजन्सीने ओळखीच्या मोहिमेतले 10,000 रुपये विक्रीच्या मोहिमेत वळवले. ओळखीच्या मोहिमेला 10,000 रुपयांत 2,00,000 इम्प्रेशन मिळाली, तर विक्रीच्या मोहिमेला 50,000 रुपयांत पुन्हा 2,50,000. एकूण 4,50,000, म्हणजे 3,00,000 इम्प्रेशन कमी.

या घटीतला भाववाढीचा वाटा वेगळा काढता येतो. वाटप ऑगस्टसारखेच ठेवले असते, तर नव्या भावाने 4,00,000 आणि 2,00,000 मिळून 6,00,000 इम्प्रेशन मिळाली असती. याचा अर्थ 1,50,000 इम्प्रेशन भाववाढीने गेली आणि उरलेली 1,50,000 एजन्सीच्या निर्णयामुळे. ईमेलमध्ये हे दोन्ही आकडे वेगवेगळे यायला हवेत. सगळा दोष बाजारभावावर टाकणे अर्धसत्य ठरेल. वाटप क्लायंटला न विचारता बदलले असेल, तर तेही स्पष्ट सांगायला हवे.

गैरसमज 3: रीच इतका पडला आणि विक्री पडली नाही, तर कोणता तरी आकडा खोटा असणार.

वस्तुस्थिती: एकूण रीचमधील प्रत्येक खाते विक्रीच्या दृष्टीने सारखे नसते. उदाहरणात विक्रीच्या मोहिमेचा रीच दोन्ही महिन्यांत 1,00,000 च राहिला. ओळखीच्या मोहिमेचा रीच मात्र 3,20,000 वरून 1,60,000 वर आला. दोन्ही मोहिमा ज्यांना दिसल्या, ती खाती ऑगस्टमध्ये 20,000 आणि सप्टेंबरमध्ये 10,000 होती. ती एकदाच धरली की 4,00,000 आणि 2,50,000 हे एकूण आकडे जुळतात. सगळी घट ओळखीच्या बाजूला झाली आणि त्या महिन्याची खरेदी मुख्यतः दुसऱ्या बाजूने येत होती. म्हणून विक्री टिकली.

हे तपासण्याची पद्धत सोपी आहे. एकूण रीचऐवजी मोहिमेनुसार रीच मागावा. विक्रीच्या मोहिमेचाही रीच पडलेला असेल आणि तरीही विक्री टिकली असेल, तर कारण अन्यत्र शोधावे लागते. जाहिरातीवाचून आलेले जुने ग्राहक, व्हॉट्सॲपवरून आलेल्या ऑर्डर किंवा किमतीतील सवलत यांपैकी काहीतरी त्यामागे असू शकते.

गैरसमज 4: जाहिरातीच्या खात्यात दिसणाऱ्या खरेदी म्हणजेच विक्री.

वस्तुस्थिती: मेटाच्या नेहमीच्या रचनेत जाहिरातीवर क्लिक केल्यापासून सात दिवसांत किंवा ती नुसती पाहिल्यापासून एका दिवसात झालेली खरेदी त्या जाहिरातीच्या नावावर जमा होते. आधीच घ्यायचे ठरवलेल्या माणसाला वाटेत जाहिरात दिसली, तरी श्रेय जाहिरातीला मिळते. उलट दहाव्या दिवशी खरेदी करणारा माणूस तिथे मोजला जात नाही. ॲपलने एप्रिल 2021 मध्ये आयफोनवर ॲपना माग काढण्यासाठी परवानगी विचारणे सक्तीचे केले, तेव्हापासून काही खरेदी फक्त अंदाजानेच मोजल्या जातात.

म्हणून ‘विक्री टिकली’ हे विधान दुकानाच्या स्वतःच्या हिशेबावर आधारलेले असावे. त्यातही कॅश ऑन डिलिव्हरीच्या ऑर्डर पोहोचल्याशिवाय विक्रीत धरू नयेत. उदाहरणात ऑगस्टच्या 200 ऑर्डरींपैकी 30 पार्सले परत आली, सप्टेंबरच्या 198 पैकी 27. प्रत्यक्ष विक्री अनुक्रमे 170 आणि 171 झाली. पार्सल परत यायला वेळ लागत असल्याने महिना संपताच पाठवलेल्या अहवालात शेवटच्या आठवड्याचे आकडे कच्चे आहेत अशी नोंद असावी.

गैरसमज 5: विक्री टिकली आहे, तेव्हा रीचची काळजी करण्याचे कारण नाही.

वस्तुस्थिती: हा गैरसमज सर्वांत महागात पडतो, कारण त्याचा फटका उशिरा बसतो. आज जाहिरात पाहणारा माणूस काही आठवड्यांनी खरेदी करतो. ओळख वाढवणाऱ्या जाहिराती बंद केल्या, तरी आधी तयार झालेली ओळख काही काळ विक्री देत राहते. लेस बिने आणि पीटर फील्ड यांनी 2013 मध्ये ब्रिटनमधील जाहिरात मोहिमांच्या अभ्यासातून हाच मुद्दा मांडला. तत्काळ विक्रीच्या जाहिरातींचा परिणाम लवकर दिसतो आणि लवकर विरतो, ओळखीच्या जाहिरातींचा परिणाम हळूहळू साचतो.

हा धोका सुरू झाला आहे का, हे नव्या ग्राहकांच्या संख्येवरून ओळखता येते. उदाहरणात ऑगस्टच्या 200 ऑर्डरींपैकी 140 नव्या ग्राहकांच्या होत्या, सप्टेंबरच्या 198 पैकी 118. एकूण आकडा जुन्या ग्राहकांनी सावरला. पण जुने ग्राहक दर महिन्याला चपला घेत नाहीत. नवे ग्राहक सलग दोन-तीन महिने घटत राहिले, तर विक्रीही खाली येण्याची शक्यता मोठी असते.

तुलना कोणत्या महिन्याशी करायची, यातही चूक होते. महाराष्ट्रात पितृपंधरवड्यात खरेदी मंदावते आणि नवरात्रापासून वाढते. पण हे दिवस इंग्रजी महिन्यांना बांधलेले नसतात. सर्वपित्री अमावास्या 2023 मध्ये 14 ऑक्टोबरला होती, 2025 मध्ये 21 सप्टेंबरला. त्यामुळे एका वर्षाचा सप्टेंबर दुसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरशी ताडून पाहण्यापेक्षा पितृपंधरवडा पितृपंधरवड्याशी आणि नवरात्र नवरात्राशी ताडून पाहिल्यास खरे चित्र दिसते.

गैरसमज 6: घट ईमेलच्या शेवटी किंवा जोडलेल्या तक्त्यात असली तरी चालते.

वस्तुस्थिती: क्लायंट तक्ता उघडणारच असतो. घट त्याला स्वतःला सापडली, तर पुढचे सगळे स्पष्टीकरण सबबीसारखे वाटते. चांगल्या ईमेलमध्ये पहिल्याच परिच्छेदात विक्री आणि रीच शेजारी शेजारी येतात. त्यानंतर कारणे त्यांच्या वाट्यासह, मग धोका आणि शेवटी क्लायंटने घ्यायचा निर्णय. उदाहरणातील ईमेल असा लिहिता येईल:

> नमस्कार,
>
> सप्टेंबरमध्ये 171 ऑर्डर पोहोचल्या. ऑगस्टमध्ये 170 पोहोचल्या होत्या. शेवटच्या आठवड्यातील काही पार्सले अजून वाटेत असल्याने हा आकडा थोडा बदलू शकतो. रीच 4,00,000 वरून 2,50,000 वर आला.
>
> इम्प्रेशनमधील निम्मी घट सणासुदीच्या भाववाढीमुळे झाली. उरलेली निम्मी आम्ही ओळखीच्या मोहिमेतले 10,000 रुपये विक्रीकडे वळवल्यामुळे झाली. विक्रीच्या मोहिमेचा रीच 1,00,000 वर कायम आहे.
>
> नव्या ग्राहकांच्या ऑर्डर मात्र 140 वरून 118 झाल्या आहेत. ही घट पुढे चालू राहू नये म्हणून दिवाळीनंतर भाव उतरताच ओळखीच्या मोहिमेला पुन्हा 20,000 रुपये द्यावेत, असे आम्ही सुचवतो. आपला निर्णय 10 तारखेपर्यंत कळवावा.

या ईमेलमध्ये एजन्सीची बढाई नाही आणि सारवासारवही नाही. रीच कशामुळे घटला, विक्री कशामुळे टिकली आणि ती पुढे टिकेल का, या तीन प्रश्नांची उत्तरे त्यात आकड्यांसह आहेत. क्लायंटने दर महिन्याच्या अहवालात मोहिमेनुसार रीच, पोहोचलेल्या ऑर्डर आणि नवे ग्राहक हे तीन आकडे आवर्जून मागून घ्यावेत. ते समोर नसतील, तर नुसत्या एकूण रीचवरून एजन्सीच्या कामाचा निवाडा करू नये.