सिग्नल लाल होता

रुग्णवाहिकेला धडक बसली की गर्दीत पहिला प्रश्न येतो, "सायरन वाजत होता का?" चालकाला मात्र त्याच रात्री जो अहवाल लिहावा लागतो, त्यात हे एका शब्दात सांगून भागत नाही. सायरन कुठून कुठपर्यंत वाजत होता, कोणत्या आवाजात वाजत होता, दिवे चालू होते का आणि चौकात शिरताना गाडीचा वेग किती होता, हे सगळे त्यात यावे लागते. हा अहवाल पुढे पोलीस वाचतात, विमा कंपनी वाचते, आणि प्रकरण वाढले तर न्यायालयही वाचते.

नमुन्यादाखल एक फेरी घेऊ. रस्ता खरा आहे, पण घटना, माणसे आणि वेळा समजावण्यासाठी मांडलेल्या आहेत. सासवडहून ५८ वर्षांच्या एका गृहस्थांना छातीत दुखते म्हणून पुण्याला हलवायचे आहे. ईसीजीत हृदयविकाराचा झटका दिसतो आहे. मागे डॉक्टर, रुग्ण आणि रुग्णाचा मुलगा, पुढे चालक. १०८ च्या गाडीवर चालकाला 'पायलट' म्हणतात. गाडी संध्याकाळी ६.०५ ला निघाली.

या पायलटने मार्गाचे तीन तुकडे पाडले. "सासवड ते दिवे घाट, रस्ता मोकळा, दिवे चालू, सायरन गरजेपुरता. घाटात सायरन बंद, ओव्हरटेक केला नाही. वडकीपासून पुढे सायरन आणि दिवे सलग चालू." मधले वाक्य बाहेरच्याला विचित्र वाटेल. पेशंट अत्यवस्थ असताना सायरन बंद का करायचा? कारण सततच्या कर्कश आवाजाने हृदयरोगी घाबरा होतो, हे डॉक्टरांनी त्याला सांगितले होते. आणि ओव्हरटेक न करण्यामागे नियम आहे. २०१७ च्या वाहन चालवण्याविषयीच्या केंद्रीय नियमावलीनुसार लाल सिग्नल ओलांडण्याची किंवा वेगमर्यादा मोडण्याची सवलत रुग्णवाहिकेला मिळते, पण ती खऱ्या तातडीत, दिवे आणि सायरन दोन्ही चालू असताना, आणि पुरेशी काळजी घेऊनच. सायरन बंद केला की ती गाडी रस्त्यावरच्या इतर गाड्यांसारखीच. पायलटला हे ठाऊक होते आणि तो तसाच वागला. अहवालात ते लिहून ठेवले, हे त्याहून शहाणपणाचे.

धडक ६.५० ला झाली, हडपसर ओलांडल्यावर सोलापूर रस्त्यावरच्या एका चौकात. "माझ्या बाजूचा सिग्नल लाल होता," असे त्याने सरळ लिहिले आहे. बहुतेक चालक इथे अडखळतात. 'सिग्नल बदलत होता', 'मोटारसायकल अचानक आडवी आली' अशी वाक्ये येतात, आणि नेमकी तीच पुढे गळ्याशी येतात. दिवे-सायरन चालू असताना लाल सिग्नल ओलांडणे हा गुन्हा नाही, मग लपवायचे काय? खरा प्रश्न तो ओलांडताना काळजी घेतली का, हा असतो.

काळजी घेतली होती, पण पुरेशी नव्हती. मोकळ्या रस्त्यावर सायरनचा लांब, चढत-उतरत जाणारा सूर लावतात आणि चौक आला की पटापट वाजणाऱ्या आखूड सुरावर आणतात, म्हणजे गर्दीत तो वेगळा उठून ऐकू येतो. पायलटने सूर बदलला, वेग उतरवला. उजवीकडून एक शहर बस येत होती. तिच्या चालकाने रुग्णवाहिका पाहिली आणि बस चौकाच्या तोंडाशी थांबवली. पायलटला वाटले, वाट मोकळी झाली. त्याच वेळी बसच्या पलीकडून तिला ओलांडत एक मोटारसायकल आली. तिला सिग्नल हिरवा होता. स्वार हेल्मेटमध्ये होता आणि समोर बसची भिंत होती. त्याला सायरन ऐकू आला असेल, तरी तो कुठल्या दिशेने येतो आहे हे कळायला वाव नव्हता. रुग्णवाहिकेच्या उजव्या पुढच्या कोपऱ्यावर तो आदळला.

वाट देणारे वाहनच वाट न देणाऱ्याला झाकते. अनुभवी पायलट म्हणूनच चौकात प्रत्येक लेन वेगळी तपासतात. एक लेन थांबलेली दिसली की तिच्या टोकाशी जवळजवळ थांबायचे, पुढच्या लेनमध्ये डोकावायचे, मगच सरकायचे. हिशेब सोपा आहे. ताशी ४० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. ब्रेकवर पाय पडेपर्यंतचा दीड सेकंद आणि नंतर गाडी थांबायला लागणारे अंतर धरले तर २५ मीटरच्या वर जातात. १५ च्या वेगात हेच आठ मीटरच्या आत आटोपते.

आणि या धावपळीत वाचते किती? अमेरिकेतल्या ग्रीनव्हिल गावात १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिवे-सायरन लावून रुग्ण नेताना सरासरी ४३.५ सेकंद वाचले होते. आपल्याकडच्या कोंडीत हा आकडा वेगळा निघेल. पण आपल्या फेरीत धडकेपासून रुग्ण दुसऱ्या गाडीतून निघेपर्यंत १५ मिनिटे गेली.

ही १५ मिनिटे का गेली, हेही अहवालात हवे. गाडीचा दिवा फुटला होता, इंजिन चालू होते. मग पुढे का निघाला नाही? मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ प्रमाणे जखमीला वैद्यकीय मदत मिळवून देणे चालकावर बंधनकारक आहे, आणि स्वाराचा पाय मोडला होता. डॉक्टर एकच. पायलटने आधी मागचे दार उघडून डॉक्टरांना विचारले, मग नियंत्रण कक्षाला दोन गाड्या मागितल्या, मग ११२ ला फोन केला. हा क्रम त्याने वेळांसकट लिहिला आहे. याच कलमानुसार पोलिसांना २४ तासांच्या आत कळवायचे असते आणि विमा कंपनीला लेखी.

रुग्णाच्या स्थितीबद्दल त्याने स्वतःचे मत दिले नाही, हे बरे केले. 'पेशंट सीरियस झाला' असे लिहिण्याऐवजी डॉक्टरांच्या नोंदी उतरवल्या. ६.४५ ला रक्तदाब १०० / ६०, नाडी १०८. ६.५२ ला ९६ / ६० आणि ११६. छातीतले दुखणे आधीइतकेच. सलाईनची सुई निसटली, ६.५६ ला पुन्हा लावली. स्ट्रेचरचे पट्टे बांधलेले होते, चाकांचे कुलूप टिकले. धडकेआधीचा आकडा नसता तर नाडी धडकेने वाढली की आधीच वाढलेली होती, हे कुणालाच सांगता आले नसते. मुलगा बाकावर पट्टा न लावता बसला होता, त्याच्या कपाळाला खोक पडली. तेही लिहिले आहे, पट्टा लावायला सांगायचे राहिले या कबुलीसह.

७.०१ ला पहिली गाडी आली, ७.०५ ला रुग्ण घेऊन निघाली, ७.२० ला रुग्णालयात पोचली. स्वार दुसऱ्या गाडीने गेला.

चौकात शिरतानाचा वेग पायलटने "साधारण ३०" असा लिहिला होता. दुसऱ्या दिवशी गाडीच्या जीपीएसची नोंद काढली, तीत ३४ निघाला. त्याने आपले वाक्य खोडले नाही. त्याच्याखाली तारीख, वेळ घालून एक ओळ वाढवली, "जीपीएसप्रमाणे ३४", आणि सही केली.