छातीवर मावणारं नाव

शाळेच्या छपरासाठी गाव दरवर्षी धावणार असेल, तर बैठकीत पहिलं नाव सुचतं ते असं: ‘ग्रामस्थ मंडळ आयोजित शाळा निधी संकलन वार्षिक धाव स्पर्धा’. धावपटूच्या छातीवरचं बिब साधारण वीतभर रुंद असतं. त्यातली बहुतेक जागा क्रमांकाला लागते. नावाला वरची दोन-तीन बोटांची पट्टी उरते. तिथे हे नाव दोन ओळींत कोंबलं की ‘स्थ’, ‘स्प’ ही जोडाक्षरं शाईत बुजतात.

‘स्पर्धा’ हा शब्द तर मी आधी काढीन. तो ऐकला की आजी, सासुरवाशिणी, चौथीतली पोरं बाजूला उभी राहतात आणि वर्गणी मोजक्या पोरांपुरतीच उरते. एखाद्या वाडीचं, देवाचं किंवा देणगीदाराचं नावही नको. बाकीच्यांना ती धाव परकी वाटते.

‘गावधाव’ घ्या. चारच अक्षरं, जोडाक्षर नाही, वर-खाली मात्रा-उकार नाही, त्यामुळे अक्षर मोठं बसतं. एक धोका मात्र खरा आहे. शाई पसरली की ‘ध’च्या डोक्यावरची फट बुजते आणि ‘गावघाव’ वाचलं जातं. म्हणून फट मोकळी असलेला ठळक टाइप निवडावा, एक नमुना खऱ्या बिबच्या कागदावरच छापून घ्यावा आणि दहा पावलांवरून कुणाकडून तरी वाचून घ्यावा. वर्ष नावात घालू नये. उरलेली बिबं पुढच्या वर्षी वापरता येतात.