घाट चढताना टाच सांभाळा

चैत्रात खालापूर-खोपोलीहून बोरघाट चढून कार्ल्याच्या एकवीरेला चालत जाणाऱ्यांना पहिला फोड बहुधा टाचेवर येतो. चढावर टाच बुटात वरखाली होते, तापलेल्या डांबरामुळे मोजा घामाने भिजतो आणि ओल्या कातडीवर ताण येऊन फोड धरतो. जाड गादीचा तळवा दणका कमी करतो, हे सरकणं नाही. त्यासाठी बुटाची नाडी घोट्याजवळ घट्ट बांधावी, बोटांशी मात्र सैल ठेवावी. सुती मोजे घाम धरून ठेवतात. पातळ सिंथेटिक मोज्यावर दुसरा मोजा घातला की बरंचसं घर्षण दोन मोज्यांमध्येच होतं. टाच चुरचुरली की तिथंच थांबा, पाय कोरडा करून कागदी चिकटपट्टी लावा. फोड आलाच तर वरची कातडी काढू नका. मधुमेह असेल तर थेट डॉक्टरांना दाखवा.